रक्त पातळ करायच्या गोळीचा कागद फ्रिजवर लावायचाय, त्यात काय लिहू?

प्रश्न: आईचा (वय 61) मायट्रल व्हॉल्व्ह बदललाय, मेटलचा बसवलाय. रोज संध्याकाळी एसेनोकूमॅरॉल चालू आहे. डिस्चार्जच्या वेळी जो इंग्लिश कागद मिळाला त्यात एवढंच आहे की हिरव्या भाज्या टाळा आणि ब्लीडिंग झालं तर कळवा. आईला तो वाचता येत नाही. मी दिवसभर हिंजवडीला, घरी आई आणि बाबाच असतात. फ्रिजवर लावायला मराठीत एक कागद करायचाय. खाण्याचं काय, गोळी विसरली तर काय, आणि ब्लीडिंग म्हणजे नक्की काय बघायचं?

उत्तर:

मी पुण्यात फिजिशियन आहे, व्हॉल्व्ह बदललेले पेशंट वीसएक वर्षं बघतेय आणि असा मराठी कागद मी स्वतः चार-पाच वेळा बदलून लिहिलाय, त्यामुळे काय लिहिलं की लोकांना कळतं आणि काय लिहिलं की उलटं होतं हे थोडंफार कळलंय. तुमच्या कागदावर पहिलं खोडायचं वाक्य म्हणजे "हिरव्या भाज्या टाळा". त्रास तिथूनच सुरू होतो, का ते खाली सांगते.

त्याआधी एक, कागदाच्या अगदी वर मोठ्या अक्षरात गोळीचं नाव आणि "मेटलचा मायट्रल व्हॉल्व्ह" असं लिहा. कारण "रक्त पातळ करायची गोळी" हे आपल्याकडे चार वेगवेगळ्या प्रकारच्या गोळ्यांना म्हणतात. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेललाही म्हणतात, नवीन आलेल्या रिव्हारॉक्साबान, अपिक्साबानलाही म्हणतात. त्या नवीन गोळ्यांना पालेभाजीचा काही संबंध नाही, आयएनआर तपासावा लागत नाही, विसरल्यावरचे नियमही वेगळे. मग शेजारच्या काकू सांगतात आमच्या ह्यांना तर काहीच पथ्य नाही, टेस्ट पण नाही, तुम्ही पण तीच मागून घ्या. मेटलच्या व्हॉल्व्हला त्या गोळ्या चालत नाहीत. त्या नवीन गोळ्यांतल्याच डॅबिगाट्रानचा अभ्यास मेटलच्या व्हॉल्व्हवर करून बघितला होता, गुठळ्या पण जास्त आणि ब्लीडिंग पण जास्त झालं म्हणून तो मध्येच थांबवावा लागला. तेव्हा मी खाली जे लिहितेय ते फक्त एसेनोकूमॅरॉल आणि तिची बहीण वॉरफॅरिन यांच्याबद्दल आहे, आणि आईंच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐकायचं.

आता खाणं. आपलं लिव्हर व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे काही घटक बनवतं. ही गोळी ते व्हिटॅमिन के वापरूच देत नाही, म्हणून रक्त उशिरा गोठतं. ते किती उशिरा गोठतंय त्याचं माप म्हणजे आयएनआर. मेटलच्या मायट्रल व्हॉल्व्हला तो साधारण 2.5 ते 3.5 मध्ये ठेवतात, तुमच्या फाईलवर आकडा लिहिलेला असेल तोच धरा. पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर, म्हणून जास्त पालेभाजी खाल्ली की गोळीचा जोर कमी पडतो, इथपर्यंत बरोबर आहे. पण यावरून "बंद करा" हा निष्कर्ष चुकीचा आहे. डोस हा आईंच्या ताटाला मापून ठरवलेला असतो. ताट जसं आहे तसंच रोज राहिलं तर डोस पण बरोबर बसतो. ताट बदललं की तोच डोस एकतर कमी पडतो नाहीतर जास्त होतो.

एक केस सांगते. साठीच्या बाई होत्या, तुमच्या आईंसारखाच व्हॉल्व्ह, गोळी रोज 3 एमजी. त्यांनाही कुठेतरी हिरवं बंद सांगितलेलं आणि त्या शिस्तीच्या, त्यांनी इतकं पाळलं की आमटीवर कोथिंबीर पण घालायच्या नाहीत. चार महिने असंच, आयएनआर 2.9, 3.1, सगळे खूश. मग गणपती आले. नैवेद्याला अळूची पातळ भाजी, दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची भाजी म्हणजे त्यात अळू, लाल माठ, सगळा पाला, आणि भाजी पातेलंभर केलेली म्हणून पुढचे दोन दिवस तीच गरम करून. वर कोथिंबीर वड्या. आठवड्याने तपासलं तर आयएनआर 1.7. गोळी एकही चुकली नव्हती, मी नंतर स्ट्रिपा मोजल्या. तेव्हा त्या दुसरीकडे दाखवत होत्या, तिथे आकडा बघून डोस 4 एमजी केला, जेवणाबद्दल कोणी विचारलंच नाही. पुढे काय झालं असेल? गणपती गेले, बाई पुन्हा कडक पथ्यावर, डोस मात्र वाढलेलाच. बारा दिवसांनी सकाळी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, बेसिन लाल झालं, आणि आयएनआर 5.2. मग त्या संध्याकाळची गोळी थांबवली, दुसऱ्या दिवशी परत तपासलं, डोस 3 वर आणला. आणि खरा बदल हा केला की आठवड्यातून दोन वेळा, मंगळवारी आणि शुक्रवारी, एक वाटी शिजवलेली पालेभाजी खायचीच असं ठरवलं. रोजची चिमूटभर कोथिंबीर परत सुरू. डोस थोडा वाढवावा लागला, साडेतीनच्या आसपास, पण त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांतीची भोगीची भाजी झाली, आकडा अडीच ते साडेतीनच्या बाहेर गेला नाही.

यातलं कारण लक्षात घ्या. जो माणूस व्हिटॅमिन के जवळजवळ खातच नाही त्याच्या शरीरात साठा नसतो, मग एक वाटी अळूनेही त्याचा आकडा हलतो. जो रोज थोडं खातो त्याला एखाद्या दिवशी एक वाटी जास्त झाली तर फारसं काही होत नाही. म्हणून पूर्ण बंद करणारे पेशंटच जास्त वरखाली होतात.

तर कागदावर असं लिहा: "पालेभाजी बंद नाही. आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी एक वाटी. मेथी, पालक, माठ, चाकवत, करडई, अळू, शेपू, यातली कुठलीही एक. जास्त नाही आणि कमीही नाही." दोनच का, तीन का नाही, तर आकडा महत्त्वाचा नाही, तुमच्या घरात आधीपासून जे होतं त्याच्या जवळचा धरा. घरी रोज पालेभाजी होत असेल तर रोज अर्धी वाटी ठेवा आणि डॉक्टरांना सांगा की आम्ही असं खातो, ते त्यावर डोस बसवतील. दुधी, दोडका, भोपळा, वांगं, बटाटा, फ्लॉवर, टोमॅटो, डाळी, भाकरी, भात, दूध, दही यात व्हिटॅमिन के कमी, त्याची काळजी नको. कोबी मधला, नेहमीसारखा खा.

पुण्यात मला तीन गोष्टींमुळे आकडा हललेला नेहमी दिसतो. एक, थंडी. डिसेंबरात मेथी स्वस्त होते, मंडईतून चार-चार जुड्या येतात, मग मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथीचं पिठलं, आणि आयएनआर खाली. दुसरी, सकाळी बागेबाहेर मिळणारा गव्हांकुराचा रस आणि हल्ली शेवग्याच्या पाल्याची पावडर. दोन्ही म्हणजे पाल्याचा अर्कच, बाबांनी प्रेमाने आणून दिला तरी नको. तिसरी याच्या उलट, उपास. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा, बटाटा, दाणे, म्हणजे पाला शून्य आणि एकूण जेवणही कमी, अशा वेळी आकडा वर जातो. एकादशीचा एक दिवस ठीक आहे. नऊ दिवस करायचे असतील तर आधी फोन करून सांगायचं. तसंच जुलाब होतायत, ताप आहे, दोन-तीन दिवस जेवण जात नाही, तरी आकडा वर जातो, म्हणून "दोन दिवसांपेक्षा जास्त जेवण नीट झालं नाही तर फोन" हे एक वाक्य कागदावर असू द्या.

खाण्यापेक्षा मोठा घोळ मात्र दुसऱ्या औषधांनी होतो आणि लोक त्याबद्दल विचारतच नाहीत. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल, लघवीच्या इन्फेक्शनला को-ट्रायमोक्साझोल, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल, यांनी आयएनआर काही दिवसांतच चांगलाच वर जाऊ शकतो. टीबीच्या रिफॅम्पिसिनने उलट खाली येतो. ही नावं आईंना पाठ करायची गरज नाही, कागदावर एकच लिहा: "कुठलंही नवीन औषध, मेडिकलमधून आणलेलं, आयुर्वेदिक, चूर्ण, काहीही, सुरू करायच्या आधी आणि बंद करायच्या आधी विचारा. अंग दुखलं तर फक्त पॅरासिटॅमॉल, तीही दोन-तीन दिवसांच्या वर लागली तर फोन." डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको. आणि एक फार महत्त्वाचं, कंबरेत इंजेक्शन घ्यायचं नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ताप-अंगदुखीला पटकन दुखण्याचं इंजेक्शन देतात, आणि या गोळीवर असलेल्या माणसाच्या स्नायूत आत रक्त साठतं. मी एका काकांचं कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंत काळंनिळं झालेलं पाहिलंय, मांडी टणक, पाय उचलता येईना, रक्त चढवावं लागलं. साध्या एका इंजेक्शनने. दात काढायचा असेल तरी तेच, दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं आणि आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही.

आता गोळी विसरली तर. संध्याकाळची वेळ देतात त्यामागे कारण आहे, सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत रिपोर्ट येतो आणि डोस बदलायचा असेल तर त्याच संध्याकाळी बदलता येतो. तुम्ही सात वाजताची धरली समजा. सातला विसरली आणि रात्री झोपायच्या आधी आठवलं, तर तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं, तर ती गेली, घ्यायची नाही, संध्याकाळी नेहमीचीच एक, आणि कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत "चुकली" लिहायचं. दोन एकदम कधीच नाही. लोक म्हणतात कालची राहिली म्हणून भरून काढतो, पण या गोळीचा परिणाम लगेच होत नाही, दीड-दोन दिवसांनी दिसतो, त्यामुळे आज डबल घेतली तर परवा आकडा उडी मारतो आणि तोपर्यंत डबल घेतल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं.

लागोपाठ दोन दिवस चुकली तर मात्र त्याच दिवशी फोन. एसेनोकूमॅरॉल शरीरातून लवकर जाते, वॉरफॅरिनपेक्षा बरीच लवकर, दोन दिवसांत तिचा असर जवळजवळ संपतो. मेटलच्या मायट्रल व्हॉल्व्हवर गुठळी बसायचा धोका एऑर्टिक व्हॉल्व्हपेक्षा जास्त असतो, म्हणून डॉक्टर कदाचित लगेच आयएनआर करायला सांगतील, कधी मधल्या दिवसांसाठी पोटाच्या कातडीखाली घ्यायचं हेपॅरिनचं इंजेक्शन देतील. हा निर्णय त्यांचा, तुमचं काम कळवायचं.

पण खरं सांगायचं तर विसरली यापेक्षा "घेतली का नाही आठवत नाही" हे फोन मला दुप्पट येतात. रात्री नऊला आई म्हणते घेतली वाटतं, बाबा म्हणतात मी पाहिली नाही. त्या वेळी नियम एकच, खात्री नसेल तर परत घ्यायची नाही. आणि ही वेळ येऊ नये म्हणून मेडिकलमध्ये सात कप्प्यांची डबी मिळते, रविवारी तुम्ही स्वतः भरा, बुधवारचा कप्पा रिकामा म्हणजे बुधवारची घेतली. गोळी घेतल्यावर बाबांनी कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची.

डबी तुम्ही भरा म्हणते त्याचं अजून एक कारण आहे. ही गोळी 1, 2, 3, 4 एमजी अशी मिळते आणि डोस बऱ्याचदा "एक दिवस 2, एक दिवस 3" असा असतो. एका पेशंटला 2 च्या ऐवजी 4 ची स्ट्रिप मिळाली, ते "एक गोळी" म्हणूनच घेत राहिले, आठ दिवस. स्ट्रिप कापून दिली की एमजी छापलेला भाग तुकड्यावर असतोच असं नाही. म्हणून कागदावर "एक गोळी", "अर्धी गोळी" असं नुसतं लिहू नका. "आज 3 एमजी, म्हणजे 2 ची एक आणि 1 ची एक" असं लिहा, आणि डोस बदलला की जुना कागद काढून टाका, खोडून वर नवीन लिहू नका. स्ट्रिप आणल्यावर नाव आणि एमजी मोठ्याने वाचायचं, पूर्ण स्ट्रिपच मागायची.

ब्लीडिंगचं "कळवा" एवढ्यावर सोडू नका, कारण आई विचार करेल की आता रात्री कशाला त्रास द्यायचा, सकाळी बघू. कागदावर तीन भाग करा. पहिला, डायरीत लिहून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांत सांगायचं: ब्रश करताना थुंकीत थोडं रक्त, मार न लागता छोटे निळे डाग, भाजी चिरताना कापलं आणि दाबल्यावर थांबलं.

दुसरा, त्याच दिवशी फोन आणि आयएनआर: हिरड्यांतून रोज येतंय, डाग मोठे होतायत किंवा नवीन उठतायत, लघवी कोऱ्या चहासारखी किंवा लाल. फक्त आधी बीट खाल्लं होतं का ते आठवा, बिटानेही लघवी गुलाबी होते. नाकातून रक्त आलं तर बसून, मान थोडी पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरायचा आणि घड्याळ लावून सलग दहा मिनिटं सोडायचा नाही, मध्ये मध्ये उघडून बघितलं की थांबत नाही. दहा मिनिटांनी थांबलं तरी फोन करायचा, थांबलंच नाही तर हॉस्पिटल.

तिसरा भाग लाल पेनाने, फोनवर बोलत बसायचं नाही, 108 किंवा रिक्षा, जे आधी मिळेल ते, सरळ हॉस्पिटल. शी डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची. आयर्नच्या गोळ्या चालू असतील तर शी काळी होते पण ती अशी चिकट नसते, फरक कळेना तर जायचंच. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही. न थांबणारं रक्त. अचानक आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. तोंड वाकडं, हात-पाय लुळा, बोलताना शब्द अडखळणं. आणि डोक्याला मार. यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं भिंतीला लागलं, टेंगूळ पण नाही, आई म्हणते मला काही झालं नाही, तरी त्याच दिवशी हॉस्पिटलला नेऊन दाखवायचं. आतलं रक्त हळूहळू साठतं, काही तास किंवा काही दिवस माणूस छान बोलत असतो. बाथरूममध्ये रबरी मॅट आणि धरायला दांडा हे या आठवड्यातच करून घ्या.

एक गोष्ट बहुतेक कागदांवर नसते ती तुम्ही लिहा, उलट्या बाजूची. रक्त पुरेसं पातळ नसेल तर व्हॉल्व्हवर गुठळी बसते. मेटलच्या व्हॉल्व्हचा टिक-टिक आवाज रात्री शांततेत आईंना स्वतःला आणि कदाचित बाबांनाही ऐकू येत असेल. तो आवाज दबका झाला किंवा येईनासा झाला, आणि त्यासोबत दम लागतोय, आडवं झोपता येत नाही, पाय सुजलेत, तर हेही लाल पेनाच्या भागातच. लकवा तर दोन्हीकडून येऊ शकतो, गुठळीने पण आणि रक्तस्रावाने पण, घरी बसून ते कळत नाही, स्कॅन लागतो, त्यामुळे अशा वेळी घरात गोळी जास्त द्यायची की बंद करायची यावर वेळ घालवू नका.

कागद एका पानाच्या वर नेऊ नका आणि अक्षर एवढं मोठं ठेवा की आईंना चष्मा न लावता फ्रिजसमोर उभं राहून वाचता येईल. त्याच्या तीन कॉप्या काढा. एक फ्रिजवर. एक घडी करून आईंच्या पर्समध्ये, त्यावर तुमचा नंबर. तिसरी तुमच्या कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरांना नेऊन द्या आणि कंबरेत इंजेक्शन नको हे तोंडाने पण सांगा. आयएनआरची वही वेगळी करा, तारीख, आकडा, किती एमजी, आणि शेवटच्या रकान्यात त्या आठवड्यात वेगळं काय झालं, लग्नाला गेलो, जुलाब झाले, मेथी जास्त झाली, एक चुकली. आजचा आकडा हा आजच्या जेवणाचा नसतो, मागच्या काही दिवसांचा असतो, त्यामुळे तो शेवटचा रकाना बघितल्याशिवाय मी तरी डोस बदलत नाही. पुढच्या तपासणीला ती वही घेऊन जा.